सायलीचं इंग्लिश स्पेलिंग आणि सोल अर्ज नंबर: वाय स्वर धरायचा की व्यंजन?

मृण्मयी_दादर

नमस्कार मंडळी. भावाला मुलगी झाली, बारसं परवाच झालं. जन्मनोंदणी झालीय पण दाखल्यावर नाव अजून घालायचंय. नक्षत्र शतभिषा, दुसरा चरण, म्हणजे "सा" अक्षर आलं आणि सायली नाव सगळ्यांना आवडलं, तिथपर्यंत काही वाद नाही. वाद इंग्लिश स्पेलिंगवर आहे. दादा म्हणतो SAYALI, वहिनी म्हणते SAYLI, आजीला SAYLEE हवंय कारण तिच्या मैत्रिणीची नात तसं लिहिते आणि वहिनीची बहीण SAYALEE म्हणतेय. वहिनी नंबर बघते त्यामुळे तिने सांगितलं की सोल अर्ज आणि पर्सनॅलिटी दोन्ही काढून द्या मग ठरवू. काम माझ्याकडे आलं.

मी जे शिकलेय त्याप्रमाणे करतेय, चुकत असेल तर सांगा. वडलांचं नाव आणि आडनाव इथे उदाहरणापुरतं बदललंय, MAHESH आणि SAWANT धरा. पूर्ण जन्मनाव घ्यायचं, मुलीचं, वडलांचं, आडनाव, तिन्ही. तक्ता हा:

```
१  A J S
२  B K T
३  C L U
४  D M V
५  E N W
६  F O X
७  G P Y
८  H Q Z
९  I R
```

फक्त स्वरांची बेरीज म्हणजे सोल अर्ज, माणसाला आतून काय हवंय ते. फक्त व्यंजनांची बेरीज म्हणजे पर्सनॅलिटी, बाहेरच्यांना पहिल्या भेटीत काय दिसतं ते.

SAYALI मध्ये स्वर A, A, I म्हणजे १+१+९ = ११. MAHESH मध्ये A आणि E, १+५ = ६. SAWANT मध्ये दोन A, म्हणजे २. एकूण १९, १+९ = १०, म्हणजे १. सोल अर्ज १.

व्यंजनं: S, Y, L म्हणजे १+७+३ = ११. MAHESH चे M, H, S, H म्हणजे ४+८+१+८ = २१. SAWANT चे S, W, N, T म्हणजे १+५+५+२ = १३. एकूण ४५, म्हणजे ९. पर्सनॅलिटी ९.

इथे मी Y व्यंजनात टाकलाय. पण Y स्वरात टाकला तर ७ तिकडे जातात, स्वर २६ म्हणजे ८, आणि व्यंजनं ३८ म्हणजे ११, आणि ११ हा मास्टर नंबर म्हणून पुढे मोडत नाहीत. सगळंच बदलतं! एका अक्षरासाठी मुलीचा सोल नंबर १ चा ८ होतो, म्हणून आधी हे नक्की करायचंय. जाणकारांनी प्लीज सांगा.

---

किरण_के

ताई एवढा विचार कशाला, स्वर पाचच, AEIOU. शाळेत हेच शिकवलं ना. Y व्यंजन, विषय संपला.

पण तुमचा तक्ता चुकीचा आहे. I ची किंमत ९ नसते, १ असते. किरोचा तक्ता बघा, A I J Q Y सगळे १. आपल्याकडे सगळे न्यूमरॉलॉजिस्ट हाच वापरतात. त्याने केलं तर सायलीचे स्वर १+१+१ = ३, महेश ६, सावंत २, एकूण ११. मास्टर नंबर आला! SAYALI डोळे झाकून ठेवा.

---

नाना_पार्ले

मृण्मयी, तुझी बेरीज बरोबर आहे, पद्धतही बरोबर आहे. किरणभाऊंचं अर्धं बरोबर आहे, ते आधी बोलतो.

दोन तक्ते चालतात. किरणभाऊ म्हणतात तो खाल्डियन, जो किरोमुळे आपल्याकडे पसरला. किरो म्हणजे विल्यम जॉन वॉर्नर, १८६६ ते १९३६, आयरिश माणूस, तरुणपणी मुंबईला येऊन इथे विद्या शिकलो असं तो स्वतः सांगायचा. त्याच्या तक्त्यात ९ हा अंक कुठल्याच अक्षराला दिलेला नाही, आणि तिथे मुख्य भर असतो रोजच्या वापरातल्या नावाच्या एकूण बेरजेवर, आपण ज्याला नामांक म्हणतो त्यावर. स्वर वेगळे काढून आत्म्याची ओढ आणि व्यंजनं वेगळी काढून बाहेरचं रूप, ही विभागणी दुसऱ्या तक्त्याबरोबर वाढली, म्हणजे A पासून ओळीने १ ते ९ वाला. त्याला पायथागोरसचं नाव लावतात पण आज वापरतो तसा तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बॅलिएट बाईंनी आणि त्यांच्यानंतरच्या लोकांनी मांडला. तर एका तक्त्याची किंमत घ्यायची आणि दुसऱ्याचा अर्थ लावायचा, हे करू नये. किरणभाऊ ११ आलं म्हणतात ते असं सरमिसळीतून आलंय.

आता वाय. "Y नेहमी व्यंजन" हेही पूर्ण खरं नाही आणि "Y नेहमी स्वर" हेही नाही. नियम असा की अक्षर बघायचं नाही, नाव मोठ्याने म्हणायचं आणि तुकडे पाडायचे. ज्या तुकड्यात Y शिवाय दुसरा स्वरच नाही तिथे Y स्वर. VICKY म्हणा, विक्-की, दुसऱ्या तुकड्यात की चा ई त्या Y नेच दिलाय, तो स्वर. आणि जिथे Y पुढच्या स्वराला घेऊन उठतो, य म्हणून ऐकू येतो, तिथे व्यंजन. YASH, PRIYA, MAYURI. SAYALI म्हटलं तर सा-य-ली, Y च्या मागे A आहे, पुढे A आहे, तो सरळ य आहे. म्हणून SAYALI मध्ये Y व्यंजन, सोल अर्ज १, पर्सनॅलिटी ९. यात मला शंका नाही.

एक पडताळा सांगतो, तो नेहमी करायचा. सोल आणि पर्सनॅलिटीची बेरीज ही पूर्ण नावाच्या बेरजेइतकी आली पाहिजे. १+९ = १०, म्हणजे १. पूर्ण नाव १९+४५ = ६४, म्हणजे १०, म्हणजे १. जुळलं. नाही जुळलं तर कुठलंतरी अक्षर दोनदा मोजलंय किंवा राहिलंय, MAHESH सारख्या नावात दुसरा H हमखास राहतो. पण लक्षात घे, Y कुठल्या बाजूला टाकायचा हे या पडताळ्याने कळत नाही, कारण ७ इकडे असो की तिकडे, बेरीज तीच. तिथे कानच लागतो.

---

मृण्मयी_दादर

नाना खूप आभार, मोठ्याने म्हणायचं हे एकदम पटलं. मग बाकीची तीन स्पेलिंगं पण याच नियमाने काढते.

SAYLI: स्वर A, I = १०, त्यात ६ आणि २, एकूण १८, सोल ९.
SAYLEE: A, E, E = ११, एकूण १९, सोल १. म्हणजे दादाच्या SAYALI एवढंच!
SAYALEE: A, A, E, E = १२, एकूण २०, सोल २.

व्यंजनं चारही ठिकाणी S, Y, L च आहेत त्यामुळे पर्सनॅलिटी सगळीकडे ९ येतेय. हे मला जरा विचित्र वाटलं, चार स्पेलिंगं आणि बाहेरचं रूप एकच, आतलं तेवढं बदलतंय?

---

सिरिल_वांद्रे

नानांचा तो तुकड्यांचा नियम माझ्या नावावर एकदम फिट बसतो. आम्ही ईस्ट इंडियन, घरात मराठीच, नाव CYRIL. सि-रिल, पहिल्या तुकड्यात Y सोडून स्वरच नाही. पण मी एकदा एका वेबसाइटवर नाव टाकलं तर त्यांनी Y व्यंजन धरून सोल ९ दिला, आणि दुसऱ्या साइटवर ७. मला तेव्हा कळेना कोण बरोबर. आता हाताने केलं, स्वर Y आणि I म्हणजे ७+९ = १६, म्हणजे ७. व्यंजनं C, R, L, ३+९+३ = १५, म्हणजे ६. नुसतं पहिलं नाव आहे हे, पूर्ण नाव करायचंय अजून.

७ च पटतो मला. एकटं बसून वाचायला मिळालं की मी खूश, चर्चच्या फेस्टला पण तासाभराने घरी पळतो.

---

ज्योती_डोंबिवली

मस्त धागा. माझी जन्मतारीख १४ आहे म्हणजे मी ५ ना? पण ५ वाले फिरतीचे असतात म्हणे आणि मी तर घर सोडून कुठे जात नाही. माझा सोल नंबर सांगाल का कोणी? जन्म दुपारी पावणेतीनचा, कल्याण.

---

किरण_के

ज्योतीताई १४ म्हणजे मूलांक ५, बुध. सोल अर्ज वेगळा, तो नावावरून काढतात, तारखेचा संबंध नाही. वेळ आणि ठिकाण पत्रिकेला लागतं. नाव द्या.

नाना, सरमिसळीचं मान्य आहे, पण बाजारात सगळे खाल्डियनच वापरतात हे पण खरं ना? दुकानाचं नाव ठेवताना, गाडीचा नंबर घेताना कोण A पासून ओळीने मोजतं?

---

नाना_पार्ले

बाजारात खाल्डियन जास्त, हो. दुकानाच्या पाटीला आत्म्याची ओढ कुणी विचारत नाही, तिथे नामांकच बघतात, म्हणून. पण मृण्मयीने विचारलंय ते सोल आणि पर्सनॅलिटीचं.

---

ज्योती_डोंबिवली

अच्छा नावावरून असतं होय. मग माझी एक अडचण आहे. माहेरचं नाव ज्योती, पण लग्नात तांदळात शर्वरी लिहिलं. सासरी सगळे शर्वरी म्हणतात, आधारवर पण तेच, माहेरी आणि जुन्या मैत्रिणीत ज्योती. कुठलं धरू?

आणि ज्योतीमधला Y? तो तर J ला चिकटलाय, त्याच्या मागे स्वर नाहीये, मग तो स्वर झाला का?

---

नाना_पार्ले

ज्योती, Y च्या मागे स्वर नसला तरी पुढे O आहे ना. ज्यो-ती, पहिल्या तुकड्याचा स्वर O. Y तिथे ज ला जोडलेला अर्धवट य आहे, व्यंजनच. मराठीत जोडाक्षरातला य असा येतो, SATYA, VIDYA, SURYA, सगळीकडे व्यंजन.

JYOTI: स्वर O, I = ६+९ = १५, म्हणजे ६. व्यंजनं J, Y, T = १+७+२ = १०, म्हणजे १.
SHARVARI: स्वर A, A, I = ११. व्यंजनं S, H, R, V, R = १+८+९+४+९ = ३१, म्हणजे ४.

ही नुसती पहिली नावं झाली. खरा सोल अर्ज जन्माच्या पूर्ण नावावर काढतात, म्हणजे ज्योती, वडलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. नंतर घेतलेलं नाव त्यावर चढलेला थर समजतात, तो मोजायचा पण मूळ पुसून नाही. घर सोडून जात नाही म्हणतेस, ६ ला घर, माणसं, जबाबदारी हेच लागतं. पण पूर्ण नाव काढल्याशिवाय ६ म्हणू नकोस.

---

ज्योती_डोंबिवली

पूर्ण नाव इथे नको टाकायला, घरी करून बघते. पण एक सांगू का, शर्वरी म्हणून हाक मारली की मी वेगळी वागते हे मला स्वतःला जाणवतं. सासरी मी मोजून बोलते, काम नीट, वेळेत. ते व्यंजनांचं ४ म्हणजे शिस्तीचं ना? आणि माहेरी गेले की दारातूनच ज्योती सुरू होते, हुकूम सोडत फिरते. १ वाली. आता वीसेक वर्षं झाली की दोन्ही नावं घेऊन, मग जन्माचंच खरं असं का?

---

भागाकार_सर

मी गणित शिकवतो, न्यूमरॉलॉजी मानत नाही, पण मृण्मयीताईंना जे विचित्र वाटलं त्याचं कारण बेरजेत आहे आणि ते सांगण्यासारखं आहे म्हणून लिहितो. या पद्धतीत शेवटी जो अंक उरतो तो म्हणजे बेरजेला ९ ने भागल्यावरची बाकी, बाकी शून्य आली की ९ म्हणायचं. म्हणून एखादं अक्षर वाढवलं तर निकाल किती सरकेल हे आधीच सांगता येतं.

मराठी नाव इंग्लिशमध्ये लिहिताना आपण कुठे गोंधळतो? बहुतेक वेळा स्वरात. आ साठी A की AA, ई साठी I की EE, ऊ साठी U की OO. A च्या जागी AA केलं की १ वाढतो. I च्या जागी EE केलं की ९ जाऊन १० येतात, म्हणजे पुन्हा १ च वाढतो. आणि U च्या जागी OO केलं की ३ जाऊन १२ येतात, १२ म्हणजे परत ३, काहीच बदलत नाही. PUNAM लिहा की POONAM, PUJA लिहा की POOJA, सोल नंबर तोच राहतो, दोन्हीकडे नुसत्या नावाचा ४.

आता सायली बघा. SAYLI ला एक A घातला की SAYALI, एकने पुढे, ९ चा १. SAYLI च्या I चं EE केलं की SAYLEE, तेही एकने पुढे, म्हणून दादा आणि आजी एकाच अंकावर भेटले. दोन्ही बदल एकत्र केले की SAYALEE, दोनने पुढे, २. व्यंजनांना कुणी हात लावलाच नाही म्हणून पर्सनॅलिटी जागची हलली नाही.

आता माझा प्रश्न जाणकारांना, आणि मी खरंच विचारतोय. या शास्त्रात सोल अर्ज हा माणसाचा सगळ्यात आतला, न बदलणारा भाग. आणि मराठी नावात नेमका तोच भाग फॉर्म भरणाऱ्याने एक A मारला की दोन यावर ठरतो. वरवरची म्हणतात ती पर्सनॅलिटी मात्र पक्की राहते. हे उलटं नाही का झालं?

---

संजू_गिरगाव

सर तुम्ही माझ्या मनातलं बोललात. मुळात नाव मराठी, अक्षर नक्षत्रावरून काढलं ते पण देवनागरी "सा", मग नंबर काढायला इंग्रजांच्या स्पेलिंगकडे कशाला जायचं? सायली देवनागरीत एकाच पद्धतीने लिहितात. स, य, ल ला आकडे द्या आणि काना, वेलांटीला आकडे द्या, झगडाच मिटला.

---

नाना_पार्ले

संजू, अक्षरांना आकडे द्यायची आपली जुनी पद्धत आहेच, कटपयादि. क, ट, प, य इथून मोजायला सुरुवात, म्हणून ते नाव. श्लोकात संख्या लपवायला वापरत, कर्नाटक संगीतात मेळकर्ता रागांचा क्रमांक रागाच्या नावातून काढतात तोही याच पद्धतीने. त्यात य १, ल ३, स ७. पण तिथे काना, मात्रा, वेलांटी यांना किंमतच नाही, आणि स्वर एकटा आला तर शून्य. सा, सी, सू, तिन्ही ७ च. म्हणजे व्यंजनांचा नंबर निघेल, स्वरांचा निघणारच नाही. सोल अर्ज ही कल्पना रोमन लिपीतली, जिथे स्वर स्वतंत्र अक्षर म्हणून उभा असतो. आपल्या लिपीत तो व्यंजनाच्या अंगावर असतो. काना वेलांटीला नवे आकडे कुणी दिले तर ती तिसरी पद्धत होईल, तिचे अर्थ कुठून आणणार?

सरांचा प्रश्न मोठा आहे. माझं म्हणणं असं की जे स्पेलिंग जन्माच्या दाखल्यावर पहिल्यांदा पडतं ते त्या माणसाचं, मग ते वडलांनी विचार करून दिलं असो की कारकुनाने घाईत. उलटं नाही झालं सर, त्या नावावर पहिला हात ज्याचा पडला त्याचा भाग त्यात आला. पण तुम्हाला हे पुरेसं वाटणार नाही हे मला माहितीये.

आणि व्यंजनं नेहमी पक्की राहतात असंही नाही. SAWANT चं SAVANT केलं तर W चे ५ जाऊन V चे ४ येतात, ४५ चे ४४, पर्सनॅलिटी ९ ची ८. GEETA ला GEETHA केलं तर एक H वाढला, ८ वाढले, म्हणजे एकने मागे. व आणि ह ही दोन अक्षरं मराठी आडनावात फार खेळतात.

---

भागाकार_सर

नाना, पुरेसं नाही वाटत हे खरं, पण W आणि V चा मुद्दा बरोबर आहे, तो माझ्या "बहुतेक वेळा" मध्ये धरा. दाखल्यावरचं पहिलं स्पेलिंग धरायचं म्हटलं तर आमच्या पिढीत कितीजणांचा दाखला नुसता मराठीत आहे. त्यांचं पहिलं इंग्लिश स्पेलिंग दहावीच्या फॉर्मवरचं. मग त्या माणसांना सोळा वर्षं सोल नंबर नव्हता असं म्हणायचं का?

---

मेघना_ठाणे

मी याचा कोर्स केलाय म्हणून थोडं वेगळं मत मांडते. नाना म्हणतात SAYALI मध्ये Y व्यंजन, मान्य. पण मृण्मयीने तोच नियम SAYLI आणि SAYLEE ला तसाच लावला तो मला बरोबर वाटत नाही. तिथे Y नंतर L येतो, स्वर येत नाही. Y पुढच्या कशाला घेऊन उठत नाहीये, तो मागच्या A मध्ये मिसळतोय. आमच्याकडे शिकवतात की A च्या पाठीला Y असून दोघं मिळून एकच आवाज देत असतील, KAY, MAY सारखं, तर Y ला पण स्वर धरायचं. मग SAYLI चे स्वर १७, त्यात ८ मिळवून २५, सोल ७. व्यंजनं ३८, म्हणजे ११, आणि ११ मास्टर नंबर, तो पुढे मोडत नाहीत. SAYLEE चा सोल २६, म्हणजे ८.

शिवाय SAYALI चा १ हा १९ मधून येतोय. १३, १४, १६, १९ हे कर्माचं देणं असलेले नंबर. वहिनी बघणारी असेल तर ती विचारेलच.

---

नाना_पार्ले

मेघना, KAY मध्ये आपण "के" म्हणतो, Y वेगळा ऐकूच येत नाही, तिथे तुझं बरोबर. पण सायली कुणी "सेली" म्हणत नाही. साय-ली. दुधावरच्या सायीतला य जसा ऐकू येतो तसा. तो लुळा असेल पण आहे, म्हणून मी व्यंजन धरतो.

---

मेघना_ठाणे

पण नाना "साय" भरभर म्हणा, "साइ" च होतं तोंडात. साइली आणि सायली डोळे मिटून ऐकलं तर फरक सांगता येईल का? आणि लुळा य म्हणजे अर्धा स्वरच झाला ना. व्याकरणात पण य ला अर्धस्वर म्हणतात. VIJAY, ABHAY, UDAY सगळ्यांचा हाच घोटाळा आहे, अर्धे लोक इकडे धरतात अर्धे तिकडे.

---

नाना_पार्ले

अर्धस्वर म्हणतात हे खरं. VIJAY ला मी व्यंजन धरत आलोय, तू स्वर धर. यावर माझ्याकडे कान सोडून दुसरा पुरावा नाही.

१९ चं मात्र बोलतो. एकूण बेरीज एकदम करायची की प्रत्येक नावाचा एक अंक करून मग मिळवायचं, यावर ते १९ अवलंबून आहे. SAYALI ११ म्हणजे २, MAHESH ६, SAWANT २, बेरीज १०, म्हणजे १. अंक तोच, १९ कुठे दिसलाच नाही.

---

भागाकार_सर

अंक तोच येणार कारण ९ ची बाकी बदलत नाही, मधली संख्या बदलते. पण मास्टर नंबर मानलात तर इथे निकालच बदलतो. SAYALEE घ्या. एकदम केलं तर स्वर २०, म्हणजे २. नावानिशी केलं तर १२ चे ३, मग ६, मग २, बेरीज ११, आणि मेघनाताई म्हणतात ११ मोडायचं नाही. एकाच मुलीचा सोल एका पद्धतीने २ आणि दुसऱ्या पद्धतीने ११. दोन्ही पद्धती शिकवतात ना?

---

मेघना_ठाणे

हो सर दोन्ही शिकवतात. आम्हाला नावानिशी शिकवलं, आणि वाटेत ११ किंवा २२ आलं तर न मोडता तसंच पुढे न्यायचं. तसं केलं तर SAYALI चे ११ तसेच राहतात आणि ११+६+२ परत १९. म्हणून मी म्हटलं होतं. नाना ११ मोडून पुढे गेले.

---

विलास_मुलुंड

नंबरातलं मला कळत नाही, पण कागदपत्रांची कामं करतो म्हणून एक सांगतो. कुठलंही ठेवा पण दाखल्यावर घालण्याआधी चारचौघांत एकदाच ठरवा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे बाळाचं नाव नंतर घालता येतं, जन्म नोंदवल्यापासून १२ महिन्यांत फी नाही, त्यानंतर लेट फी भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणजे घाई नाहीये. पण एकदा घातलं की मग स्पेलिंग फिरवायला राजपत्र, प्रतिज्ञापत्र, सगळं मागे लागतं. माझ्याकडे एक कुटुंब आलं, मुलाच्या दाखल्यावर एक A, आधारवर दोन, शाळेच्या दाखल्यात परत एक, नंबरासाठी मध्येच एक A वाढवला होता. पासपोर्टच्या वेळी तिन्ही कागद एक करता करता आईवडील थकले.

फॉर्म भरताना स्वतः कॅपिटलमध्ये लिहा, तोंडी सांगू नका. आणि प्रिंट हातात मिळाली की तिथेच उभं राहून एकेक अक्षर वाचा, नुसतं मुलीचं नाही, वडलांचं आणि आडनाव पण. वर नानांनी W आणि V चं सांगितलं ना, चुका तिथेच होतात.

---

मृण्मयी_दादर

विलासदादा हे फारच उपयोगी, दादाला फॉरवर्ड केलं.

घरी सगळा धागा वाचून दाखवला. आजीला कळलं की तिचं आणि दादाचं एकाच अंकावर येतंय, मग ती म्हणाली मला SAYALI पण चालेल. वहिनीचं म्हणणं वेगळं आहे. तिला SAYLI चा ९ आवडला होता, पण Y वरून ९ की ७ यात नाना आणि मेघनाताईंचंच जुळत नाहीये, तर जिथे Y वर दोघांचं एकमत आहे असं एकच निवडू म्हणाली. म्हणजे दोन A वाली दोन उरली, SAYALI आणि SAYALEE. त्यातल्या SAYALEE ला सरांनी २ की ११ करून ठेवलंय. उरलं SAYALI, सोल १, पर्सनॅलिटी ९. १९ चं तिला विचारलं तर म्हणाली १९ म्हणजे स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकावं लागतं, मुलीला ते शिकवूच की.

वॉर्ड ऑफिसला सोमवारी जाणार आहेत. सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला नाही देता आलं, पण ई, ऊ आणि आ चं गणित वहीत उतरवून घेतलंय.

---

ज्योती_डोंबिवली

अभिनंदन सायलीच्या घरच्यांचं! मी माझं पूर्ण माहेरचं नाव काढलं. सोल ३ आला, ६ नाही. वडलांच्या नावात Y आहे, उदय. नाना म्हणतात तसं व्यंजन धरून ३, मेघनाताईंसारखं स्वर धरलं तर १ येतोय. आता कुठला घेऊ?

---

मेघना_ठाणे

१ 🙂

---

नाना_पार्ले

३. उ-दय, य ऐकू येतो.